‘माझा कायमचा’ म्हणजे कायमचा पत्ता का?

*ताई, डिसेंबरात माझं लग्न आहे. मी रत्नागिरीची, तो कोल्हापूरचा. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर आमचं प्री-वेडिंग शूट झालं आणि काल फोटो हातात आले. मला त्यातला एकच टाकायचाय. संध्याकाळची वेळ, आम्ही कठड्यावर बसलोय, तो माझ्या कानाशी काहीतरी बोलतोय आणि मी डोळे मिटून हसतेय. फोटोग्राफरनं ‘माय फॉरएव्हर’ सुचवलं, मैत्रिणीनं ‘तुझ्या सोबतीनं प्रत्येक क्षण सोनेरी’. दोन्ही वाचून मलाच कसंसं झालं. तो म्हणतो, नुसतं हार्ट टाक. रोमँटिक वाटेल पण नाटकी वाटणार नाही असं काय लिहू? सासरचे सगळे बघणार आहेत.*

*— रंकाळ्याकाठची होणारी सून*

अगं, उत्तर लिहायला बसण्याआधी मी तुला उलट दोन प्रश्न पाठवले होते, ते का, हे इथं वाचणाऱ्यांना सांगते. पहिला प्रश्न : तो कानाशी नेमकं काय म्हणत होता? दुसरा : फोटोग्राफरनं ‘झालं’ म्हटल्यावर तुम्ही दोघांनी पहिली गोष्ट कुठली केलीत? तुझं उत्तर रात्री साडेअकराला आलं आणि तुझ्या परवानगीनं ते जसंच्या तसं देते. ‘तो म्हणत होता, अजून किती वेळ, भूक लागली. म्हणून मला हसू आलं. मग समोरच्या गाडीवर भेळ खाल्ली. मला तिखट झेपत नाही, तर त्यानं दोन्ही भेळी कमी तिखट सांगितल्या. भेळवाला त्याच्याकडं बघतच बसला. ह्यात कॅप्शनसारखं काही नाही हो ताई.’

आहे गं बाई, सगळं ह्यातच आहे. फक्त ते बाहेर काढायला चार-पाच खर्डे लागतात, ते आपण इथंच करू.

आधी तुला कसंसं का झालं ते बघू. शूट म्हटलं की पोज आलीच. कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही कठड्यावर बसलात, कुणीतरी पांढरा रिफ्लेक्टर धरला, फिरायला आलेल्या आजोबांना ‘काका, दोन मिनिटं’ म्हणून थांबवलं. हे सगळ्यांना माहीत असतं. तुझ्या मावशीलाही माहीत असतं आणि ऑफिसातल्या शेजारणीलाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नाटकीपणा येतो तो पुढं, कॅप्शनमध्ये, जेव्हा आपण असं काही झालंच नाही असं दाखवायला जातो. ‘नकळत टिपलेला क्षण’ असं ड्रोननं काढलेल्या फोटोखाली मी स्वतः वाचलंय. आता तीन माणसं, दोन कॅमेरे आणि डोक्यावर घोंगावणारा ड्रोन असताना नकळत काय डोंबल टिपणार? ‘सूर्यास्त बघत बसलोय दोघं’ हेही तसंच. तुम्ही सूर्यास्त बघत नव्हता, फोटो काढून घेत होता. शिवाय फोटो एडिट होऊन यायला आठवडे जातात, म्हणजे ‘बसलोय’ हे क्रियापद महिनाभर शिळं झालेलं असतं. भूतकाळात लिहिलं की फोटो काढला होता हे आपोआप मान्य होतं आणि वाचणाऱ्याचा अर्धा संशय तिथंच जातो.

आता शब्दांचं. ‘माय फॉरएव्हर’ इंग्रजीत झिजून झिजून गुळगुळीत झालंय, म्हणून ते खटकत नाही, नुसतं निसटून जातं. तेच मराठीत आणायला गेलीस की ‘माझा कायमचा’ होतं. कायमचा काय? कायमचा पत्ता? रेशनकार्डावर असतो तो? मैत्रिणीच्या ओळीत मराठी आहे, पण ती लग्नपत्रिकेची मराठी आहे. क्षण, सोबत, प्रवास, स्वप्न, साथ, हे शब्द वाईट नाहीत, पण त्यांना हात लावून बघता येत नाही. ‘प्रत्येक क्षण सोनेरी’ ही ओळ उचलून तुझ्या चुलत नणंदेच्या फोटोखाली चिकटव. चिकटली ना? मग ती तुमची नाही. ‘कमी तिखट भेळ’ दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली चिकटवून बघ, ती निघून येते.

आणि तिसरी अडचण अशी की दोन्ही ओळी फोटोत दिसतंय तेच सांगतात. तुम्ही जवळ बसलाय, तू हसतेयस, उजेड सोनेरी आहे, हे बघणाऱ्याला डोळ्यांनी कळलं. त्यावर पुन्हा ‘सोनेरी’ लिहिणं म्हणजे साखर घातलेल्या चहात गूळ. कॅप्शननं फोटोच्या चौकटीबाहेरचं काहीतरी आत आणायचं असतं. फोटोच्या आधीची पाच मिनिटं किंवा नंतरची दहा. म्हणून तर मी ते दोन प्रश्न विचारले.

माझी फजितीही सांगते, म्हणजे हे शहाणपण कुठून आलं ते कळेल. आमच्या घरातल्या एका भाच्याचं शूट ऐन पावसाळ्यात पन्हाळ्यावर झालं. तीन दरवाज्यापाशी इतकं धुकं की दोघं कमरेपर्यंतच दिसत होती. कॅप्शन लिहायचा मान मला, कारण घरातली लिहिणारी मी. मी झोकात लिहिलं, ‘धुक्यात हरवलेले दोन जीव’. दहा मिनिटांत त्याच्या काकांची कमेंट आली, ‘सापडले का? गाडी पाठवू का?’ त्याखाली सगळी भावकी हसायला लागली आणि तो फोटो अजून आमच्याकडं ‘गाडी पाठवू का’ म्हणूनच ओळखला जातो. काकांचं चुकलं नव्हतं. त्या दिवशी खरं काय झालं होतं, तर होणाऱ्या सुनेचं कोल्हापुरी पायताण चिखलात रुतलं आणि पोरानं ते उपसून, पावसाच्या पाण्यात धुऊन परत तिच्या हातात दिलं. हे मला माहीत होतं, आणि तरी मी ‘जीव’ लिहिलं. पायताण लिहायला हवं होतं.

बरं, आता तुझे खर्डे.

पहिला खर्डा कुणीही करेल तो : फोटोग्राफर म्हणाला, कानात काहीतरी गोड बोल. हा म्हणाला, भूक लागली.

हसू येतं. पण दोन गोष्टी खटकतात. एक तर हा साचा आता इतका झालाय की पहिलं वाक्य वाचतानाच दुसरं कळतं. दुसरं म्हणजे ह्यात तो खादाड ठरतो आणि तू त्याच्यावर हसणारी. सासरचे बघणार म्हणालीस ना? पहिली कमेंट त्याच्या आत्याची येईल, ‘लग्नाआधीच उपाशी ठेवलंस होय!’ आणि मग तुमचा फोटो विनोदाचा धागा होऊन बसेल. विनोद वाईट नाही, पण तू रोमँटिक मागितलं होतंस. भुकेत प्रेम नाही. प्रेम पुढं आहे, भेळेच्या गाडीवर.

म्हणून दुसरा खर्डा भेळेचा : नंतर आम्ही भेळ खाल्ली. त्यानं तिखट कमी सांगितलं. कोल्हापुरात! फक्त माझ्यासाठी.

ह्यात माल बरोबर आहे, पण मांडणी ओरडतेय. ‘कोल्हापुरात!’ असं तोडून उद्गारचिन्ह लावलं की लिहिणारी आपल्याला कोपरानं ढोसते, बघा बघा, कळलं का, असं वाटतं. आणि ‘फक्त माझ्यासाठी’ हे तर पदार्थ वाढून झाल्यावर ‘कसा झालाय, चांगला झालाय ना’ विचारण्यासारखं. कुणासाठी कमी सांगितलं हे फोटोत त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीकडं बघून कळतंच. प्रेमाच्या ओळीतलं सगळ्यात नाटकी ठिकाण बहुतेक वेळा शेवटचे दोन शब्द असतात. ते खोडून बघावेत. दहापैकी आठ वेळा वाक्य सुधारतं.

खोडल्यावर तिसरा खर्डा असा उरला : ह्या फोटोनंतर भेळ खाल्ली. कोल्हापूरचा असून ‘तिखट कमी’ म्हणाला.

इथं मी जरा थांबले. ‘ह्या फोटोनंतर’ म्हणताना हा फोटो आहे, काढलेला आहे, हे तू उघड कबूल केलंस, त्यामुळं पोज माफ. ‘कोल्हापूरचा असून’ ह्या दोन शब्दांत सगळं गाव आलं. ज्याच्या घरी मिसळीच्या कटावर पुन्हा कट घेतात, तांबडा रस्सा वाटी तोंडाला लावून पितात, त्यानं रंकाळ्यावर, चारचौघांत, तिखट कमी म्हणणं म्हणजे काय हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. रत्नागिरीच्या तुझ्या माणसांनाही लागत नाही. आणि मराठीची एक सोय बघ. ‘म्हणाला’ एवढ्यातच तो येतो. नाव नको, ‘हा’ नको, ‘माझा नवरा’ तर नकोच, कारण तो अजून झालेला नाही. क्रियापदाच्या शेपटीला बसून येतो बिचारा. इंग्रजीत लिहिलं असतंस तर त्याला कर्ता म्हणून समोर उभं करावं लागलं असतं.

तरी एक शंका होती, म्हणून तुला पुन्हा मेसेज केला, की तो नेमक्या कुठल्या शब्दांत म्हणाला? ‘तिखट कमी’ हे तुझं झालं, त्याचं काय? तुझं उत्तर : ‘मामा, तिखट बेतानं टाका.’

बेतानं! अगं, हा शब्द मला कधीच सुचला नसता. ‘कमी’ ही नुसती मात्रा झाली. ‘बेतानं’मध्ये काळजी आहे, थोडं ओशाळलेपण आहे, भेळवाल्या मामाला ‘समजून घ्या’ म्हणणं आहे. माणूस खरंच बोललेला एक शब्द कॅप्शनमध्ये आला की बाकीचं सगळं खरं वाटायला लागतं. तेव्हा चौथा आणि शेवटचा खर्डा :

ह्या फोटोनंतर भेळ खाल्ली. कोल्हापूरचा असून ‘तिखट बेतानं’ म्हणाला.

नऊ शब्द. हेच टाक.

आता तू म्हणशील, ‘तू’ वापरून त्याच्याशी थेट का बोलायचं नाही? ‘कोल्हापूरचा असून तिखट बेतानं म्हणालास.’ वाईट नाही, एकट्यात लिहिलेल्या चिठ्ठीत तर फार गोड. पण कॅप्शन तीन-चारशे माणसं वाचणार, त्यात तू एकाशीच बोलायला लागलीस की बाकीचे सगळे दाराआडून ऐकणारे होतात. त्यांना अवघडतं, आणि अवघडलेपणालाच लोक नाटकी म्हणतात. ‘म्हणाला’ म्हटलंस की तू सगळ्यांना त्याच्याबद्दल सांगतेस, मैत्रिणीला सांगावं तसं. आणि ‘अहो’ घालून लिहिण्याची जी टूम आलीय तिच्या नादाला लागू नकोस. तू त्याला एरवी अहो म्हणत नाहीस, मग फोटोखालीच का?

तसंच कोल्हापुरी ढंगाचं. ‘नाद खुळा’, ‘लई भारी’ घालायचा मोह तुला होईल, कारण सासर इथलं. तू रत्नागिरीची आहेस, तुझ्या तोंडी ते उसन्या दागिन्यासारखं दिसेल. ह्या ओळीत कोल्हापूर त्याच्या तोंडून येतंय, ‘बेतानं’मधून, ते पुरे.

कुणीतरी उखाणा सुचवेलच. आपल्याकडं हा प्रकार मुळात उखाण्यातूनच आलाय असं मला वाटतं. चारचौघांत ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याकडं सरळ न बघता चांदीची वाटी, जाईचा वेल, देवापुढची समई अशा एखाद्या वस्तूकडं बघायचं आणि मग हळूच नाव घ्यायचं. तुझी भेळ तेच काम करतेय. पण यमक जुळवून लिहिलंस तर फोटो लग्नघरात जाऊन बसेल, आणि उखाण्याची खरी वेळ गृहप्रवेशाला उंबऱ्यावर येणार आहे. तो तेव्हासाठी ठेव. हवं तर तेव्हा भेळेवरच घे, सगळ्यांना आधीच संदर्भ माहीत असेल.

सासूबाईंचं एक मात्र तू ओळखायचंस, मी नाही. बहुतेक घरांत ही ओळ वाचून आई म्हणेल, पोरगं शहाणं झालं. पण काही घरांत तिखट हा मानाचा विषय असतो. तुला त्यांच्या हातचा रस्सा झेपला नाही आणि त्यावरून आधीच काही बोलणं झालं असेल, तर हीच ओळ टोमण्यासारखी वाचली जाईल. तसं असेल तर टाकण्याआधी त्यांना फोटो दाखवून वाचून दाखव. हसल्या तर प्रश्न मिटला. कपाळाला आठी पडली तर ‘भेळ खाल्ली’पर्यंतच ठेव, वाक्य जरा फिकं होईल पण चालेल.

त्यालाही विचारायचंय, हे विसरू नकोस. त्याचे तालमीतले मित्र त्याला पुढचे सहा महिने ‘बेतानं’ म्हणून हाक मारणार, हे नक्की धरून चाल. ज्याची चेष्टा होणार त्याची परवानगी हवी. ‘हे टाकू का’ म्हणून दाखवलंस आणि तो कानापर्यंत लाल होऊन ‘टाक की’ म्हणाला तर ठीक. ‘कशाला उगंच’ म्हणाला आणि विषय बदलला तर नको टाकूस, त्याच्यासाठी तो क्षण खाजगी आहे. तेव्हा मग नुसतं ‘नंतर भेळ खाल्ली.’ एवढंच लिही. तेही चालतं, आणि खरं सांगू, काही दिवशी मला तेच जास्त आवडतं.

टाकतानाच्या बारीक गोष्टी. ‘रंकाळा’ कॅप्शनमध्ये लिहायची गरज नाही, इन्स्टाग्रामवर फोटोच्या वर ठिकाण देता येतं, तिथं दे. लांब कॅप्शनची पहिली एक-दोन ओळच दिसते आणि बाकीचं `more` खाली दडतं, पण तुझी ओळ तेवढ्यात मावते, म्हणून तिच्यापुढं काही जोडू नकोस. फोटोग्राफर, मेकअपवाली, साडीचं दुकान ह्यांची नावं द्यायचं कबूल केलं असशील तर ती फोटोवर टॅग कर, कॅप्शनच्या पोटात नको, नाहीतर भेळेनंतर लगेच जाहिरात सुरू होते. दोघांची नावं जोडून केलेला हॅशटॅग लग्नाच्या दिवशी पाहुण्यांना वापरू दे. व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकशील तर तिथं ओळ फोटोच्या खालच्या भागावर चढते, म्हणजे तुमचे पाय आणि कठडा झाकला जाईल. फोटो थोडा वर सरकवून खाली मोकळी जागा ठेव. आणि अवतरणचिन्हं काढू नकोस, ‘तिखट बेतानं’ हे त्याचं बोलणं आहे हे त्यांच्यामुळंच कळतं.

राहिलं त्याचं हार्ट. कॅप्शनमध्ये नको. तू फोटो टाकलास की पहिली कमेंट त्याला करू दे, आणि तिथं त्यानं ते टाकावं.